मावशीचा बटणांचा डबा: जुन्या पत्र्याच्या डब्याचं वय आणि दर्जा कसा ठरवायचा

माझ्या मावशीकडे बटणं ठेवायचा एक बिस्किटांचा डबा आहे. साधारण नऊ इंच लांब, सहा इंच रुंद, चार इंच उंच, मागे बिजागरीचं झाकण. झाकणावर बर्फात चाललेली घोडागाडी, आत टोप्या घातलेली मंडळी. हा डबा मावशीच्या आजेसासऱ्यांनी मुंबईहून आणला आणि तो ‘राणीच्या काळातला’ आहे, असं घरात तीन पिढ्या सांगितलं जातं. राणी म्हणजे व्हिक्टोरिया. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत बटणं एका ताटात ओतली आणि डबा पहिल्यांदा नीट उलटसुलट करून पाहिला. घरातली गोष्ट टिकली नाही, पण डबा मात्र टिकला. असा डबा वाचायचा कसा, ते याच डब्याच्या निमित्ताने सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट. डब्यावरची कुठलीही एक खूण वर्ष सांगत नाही. ती एवढंच सांगते, की डबा ‘याच्या आधीचा नाही’ किंवा ‘याच्या नंतरचा नाही’. अशा चार-पाच खुणा एकावर एक ठेवल्या की मधे जी फट उरते, तेच डब्याचं वय. फट कधी पाच वर्षांची असते, कधी चाळीस. विकणारा जेव्हा छातीठोकपणे ‘एकोणीसशे बाराचा’ म्हणतो, तेव्हा ते बारा आलं कुठून, हे विचारावं.

आता छपाई. पत्र्यावर चित्र छापणं ही एकेकाळी मोठीच डोकेदुखी होती. लिथोग्राफी, म्हणजे आपली शिळाछाप, कागदावर सुंदर उतरते, कारण कागद मऊ असतो आणि दगडाला चिकटून बसतो. पत्रा आणि दगड दोन्ही कडक. कडक वस्तूवरची शाई दुसऱ्या कडक वस्तूवर सरळ उतरत नाही, ठिकठिकाणी सुटते. म्हणून आधी डब्यांवर छापील कागद चिकटवत, किंवा कागदावरचं चित्र पत्र्यावर उतरवून घेत. इंग्लंडातल्या रेडिंगच्या हंटली अँड पामर्स कंपनीने १८६८मध्ये अशा उतरवलेल्या चित्रांचा डबा काढला. मग १८७५मध्ये लंडनच्या बार्कले अँड फ्राय या छापखान्याच्या रॉबर्ट बार्कलेने पेटंट घेतलं. त्याची युक्ती सोपी होती. दगडावरची शाई आधी एका मऊसर पृष्ठावर घ्यायची आणि तिथून पत्र्यावर द्यायची. रबरी शिक्का जसा खडबडीत पार्सलवरही उमटतो, तसंच. आधी हे मधलं पृष्ठ खास तयार केलेल्या पुठ्ठ्याचं होतं, पुढे रबर आलं. आज वर्तमानपत्रं ज्या ऑफसेटवर छापतात, त्याचा जन्म असा बिस्किटांच्या डब्यांपायी झाला. पेटंटची मुदत १८८९मध्ये संपली आणि मग रंगीत डब्यांचा पूर आला. त्यामुळे छापील डबा ‘१८६०चा’ आहे असं कोणी सांगितलं, तर तिथेच थांबायला हरकत नाही.

छपाईचा काळ ओळखायला लागतं ते दहापट मोठं दाखवणारं भिंग. स्टेशनरीच्या किंवा घड्याळदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. चित्रात जिथे रंग हळूहळू गडदाकडून फिक्याकडे जातो तिथे ते धरा. माणसाचा गाल किंवा आभाळ चांगलं. जुन्या शिळाछापेत कारागीर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरत आणि सावली दाखवायला लेखणीने हाताने ठिपके देत. एकेका डब्याला आठ-दहा रंग, म्हणजे आठ-दहा दगड, आणि प्रत्येक रंगानंतर पत्रा भट्टीत वाळवायचा. हाताने दिलेले ठिपके लहानमोठे, कुठे दाट कुठे विरळ, रांगेत न बसणारे असतात. आपल्याकडे ज्यांच्या देवघरात रविवर्मा प्रेसची जुनी ओलिओग्राफ आहे, त्यांनी त्यातल्या लक्ष्मीच्या गालावर हेच भिंग धरून पाहावं. १८९४मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यात दगडावर हेच काम चाले. एकदा ते ठिपके पाहिले की डोळ्याला ओळख पटते.

नंतर फोटोवरून जाळीतून रंग वेगळे करण्याची पद्धत आली. त्यात निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चारच रंग असतात. त्यांचे ठिपके ठरलेल्या अंतरावर, आखल्यासारखे बसतात आणि एकमेकांभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी तयार करतात. डब्यांवर ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. इथे नवशिक्या माणसाची एक चूक होते. एका रंगाचे आखीव ठिपके दिसले की तो डबा नवा ठरवून मोकळा होतो. पण तयार ठिपक्यांच्या पट्ट्या वापरून दगडावर सपाट छटा उमटवायची सोय एकोणिसाव्या शतकातच होती. म्हणून पाहायचं ते चार रंगांनी मिळून केलेलं फूल. ते दिसलं आणि शिवाय डबा ‘आजीच्या आजीचा’ असं सांगितलं जात असेल, तर तो बहुतेक जुन्या चित्राचा फोटो घेऊन छापलेला नवा डबा आहे. १९७०च्या दशकापासून असे नकली-जुने डबे शोभेसाठी भरपूर निघाले.

मावशीच्या डब्यावरच्या घोड्याच्या मानेवर भिंग धरलं. तपकिरी ठिपके वेडेवाकडे, त्यांच्याखाली फिकट गुलाबी सपाट थर, आणि कडेला लाल रंग काळ्या रेषेच्या बाहेर केसभर सरकलेला. दगड बदलताना पत्रा नेमका बसला नाही की असं होतं, आणि इथे ते दिसलं की जीव भांड्यात पडतो. काठाचं सोनं मात्र सोनं नव्हतं. चकचकीत पत्र्यावर पारदर्शक पिवळसर लाखी वार्निश दिलं की सोनेरी दिसतं. हे मला महागात पडून कळलं. पूर्वी एका दुसऱ्या डब्यावरची धूळ मी हात पुसायच्या सॅनिटायझरने काढायला गेलो, आणि फडक्यावर सोनं आलं, डब्यावर चांदी उरली. स्पिरिटमध्ये ते वार्निश विरघळतं. आता मी फक्त ओलसर मऊ फडकं वापरतो, तेही आधी तळावर कोपऱ्यात करून पाहून, आणि लगेच कोरडं पुसतो.

एक खूण फार कामाची आहे आणि कोणी सांगत नाही. चित्र सपाट पत्र्यावर आधी छापतात. कापणं, दुमडणं आणि उठाव देणं नंतर. त्यामुळे खऱ्या डब्यावर रंग सांध्याच्या घडीच्या आत गेलेला दिसतो आणि दुमडीच्या टोकावर बारीक तडे असतात. नंतर कोणी ब्रशने डागडुजी केली असेल, तर रंग सांध्याच्या वर बसलेला, फटीत साचलेला दिसतो. सांधाही बोलतो. अगदी जुन्या कामात झाळणाचे ओघळ दिसतात, नंतरच्यात यंत्राने दाबलेली कोरी घडी असते, आणि काळपट बारीक पट्टी असलेला वेल्डिंगचा सांधा म्हणजे विसाव्या शतकाचा शेवटचा तिसरा भाग. मावशीच्या डब्याला यंत्राची घडी आहे.

झाकणावरून काळ ठरवायला लोक फार उत्सुक असतात, पण झाकण हा कच्चा साक्षीदार आहे. बिजागरीचं झाकण १८७०च्या दशकातही होतं आणि आज मिठाईच्या डब्यालाही असतं. वरून बसवायचं सुटं झाकण स्वस्त पडायचं म्हणून रोजच्या मालाला असे. चमच्याच्या टोकाने उचकटायचं दाबाचं झाकण सिरप, रंग, वनस्पती तूप अशा मालाला. म्हणजे झाकण आधी माल सांगतं, काळ नंतर. बिजागरी कशी बनवली आहे ते मात्र पाहावं. मावशीच्या डब्यात झाकणाची आणि डब्याची मागची कड आलटून पालटून गुंडाळून त्यातून एकच तार ओवली आहे. ती तार मूळची आहे, कारण तिच्यावरचा गंज आणि नळीतला गंज एकसारखा काळपट आहे. नवी चकचकीत तार जुन्या नळीत दिसली, की झाकण दुसऱ्या डब्याचं असू शकतं.

सुट्या झाकणाच्या डब्यात ही अदलाबदल सर्रास होते. जुन्या बाजारात दुकानदाराला दहा डबे आणि सात झाकणं मिळतात. मग तो जुळवाजुळव करतो. झाकण वर-खाली सरकवून पाहा. मूळची जोडी असेल तर झाकणाच्या आतल्या घासल्या रेषा आणि डब्याच्या बाहेरच्या घासल्या रेषा एकाच उंचीवर येतात. शिवाय दोन्हींचं वार्निश सारखंच पिवळं पडलेलं असतं. एक पिवळं, एक पांढरं, म्हणजे लग्न नंतर लावलेलं.

अक्षरांपाशी आलो की फट पटकन अरुंद होते. मावशीच्या डब्याच्या पाठीला इंग्रजीत लिहिलं आहे: राजेसाहेबांच्या नेमणुकीने माल पुरवणारे. राजे, राणी नव्हे. ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया १९०१मध्ये गेली आणि पुढे १९५२पर्यंत राजेच होते. म्हणजे ‘राणीच्या काळातला’ हा दावा एका शब्दात गेला. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अरे, राणीचं चित्र होतं असं सासूबाई सांगायच्या.” चित्रात राणी नाही, घोडागाडी आहे. आणि घोडागाडीवरूनही काळ ठरत नाही. बिस्किटवाल्यांना जुना काळ गोड करून विकायला फार आवडायचं. १९२५च्या डब्यावर १८२५ची मंडळी असणं अगदी नेहमीचं. जुबिली किंवा राज्याभिषेकाचे डबे मात्र स्वतःच आपलं वर्ष सांगतात: १८९७, १९०२, १९११, १९३५, १९३७, १९५३. यात गंमत अशी, की आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचे डबे भरपूर आहेत, राज्याभिषेक मात्र झालाच नाही. माल आधी तयार होता, राजाने गादी नंतर सोडली. त्यामुळे ते दुर्मीळ नाहीत, विकणारा काहीही म्हणो.

तळाच्या कडेला भिंगातून बारीक अक्षरं सापडली: ‘हडसन स्कॉट अँड सन्स, कार्लाइल’. हे बिस्किटवाले नव्हेत, डबेवाले. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कंपनी इतर काही छपाईवाल्यांबरोबर एकत्र येऊन पुढे मेटल बॉक्स झालेल्या गटात गेली. पण नाव लगेच पुसलं गेलं नाही, म्हणून यावरून ‘१९२१च्या आधीचा’ असं ठामपणे लिहिता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात पत्र्याची टंचाई आल्यावर शोभेचे डबे बंद झाले. तळावर पेन्सिलीने ‘२-४’ लिहिलं आहे, म्हणजे दोन रुपये चार आणे. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, पण आण्यात बोलणं लोकांनी नंतरही सोडलं नाही, म्हणून त्याला मी अर्धाच मान देतो. सगळं एकत्र केलं तर फट उरते १९०१ ते १९३९. यापेक्षा अरुंद करायला माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून करत नाही.

भारतीय डब्यांना हीच रीत लावता येते, फक्त खुणा आपल्या. पौंड-औंसात वजन असेल तर डबा साधारण मेट्रिक येण्याच्या आधीचा. वजनांचा बदल १९५८पासून टप्प्याटप्प्याने झाला. ‘नया पैसा’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात नुसतं ‘बॉम्बे-१’ असेल आणि सहा आकडी पिन नसेल, तर १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त, कारण पिन त्या दिवशी सुरू झाला. शक्यता म्हणतो, खात्री नाही. कारखानदार जुने छापील पत्रे संपेपर्यंत वापरतात.

आता गंज. गंज जास्त म्हणजे डबा जुना, ही समजूत मी पार खोडून काढतो. डब्याचा पत्रा म्हणजे लोखंड किंवा पोलाद, त्यावर कथलाची पातळ कल्हई. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीला ओरखडा गेला तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. कथील उलटं वागतं. कल्हई अखंड आहे तोवर ते पांघरुणासारखं लोखंड झाकतं, पण ओरखडा पडून दमट हवा आत शिरली की उघडं पडलेलं लोखंड कथलापेक्षा आधी आणि झपाट्याने झिजतं. म्हणून पत्र्याचा डबा एका ओरखड्यातून आत कुजतो. पुण्यातल्या कोरड्या कपाटात शंभर वर्षं राहिलेला डबा लखलखीत असतो, आणि रत्नागिरीला खिडकीशी ठेवलेला चाळीस वर्षांचा डबा दोन पावसाळ्यांत भोकं पडून येतो. गंज डब्याचं वय सांगत नाही, पत्ता सांगतो.

मग गंजाचा उपयोग काय? तो खरा आहे की मुद्दाम आणलेला, हे पाहायला. खरा गंज रंगाच्या खालून येतो. लोखंडाचा गंज झाला की तो जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फुगतो, फोड येतात, मग पापुद्रे निघतात. तो ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना रंगाखाली पसरलेला दिसतो. सुरू होतो तळाच्या कडेला, सांध्यात, बिजागरीत, आणि जिथे ओली बोटं लागतात तिथे, म्हणजे झाकणाच्या पुढच्या कडेला. जुना झाला की गर्द तपकिरी, घट्ट, आणि खाली पत्र्यात खड्डे. मुद्दाम आणलेला गंज, म्हणजे मीठ आणि व्हिनेगर फवारून केलेला, नारिंगी, भुसभुशीत असतो, रंगाच्या वर बसतो आणि बोटाला लागतो. झाकणाच्या मधोमध सुंदर गंज आणि तळ नवा कोरा, हे पाहिलं की मी डबा परत ठेवतो. आतलं पाहायला विसरू नका. खऱ्या जुन्या डब्याचं कथील आतून करडं, निस्तेज झालेलं असतं.

शेवटचा भाग दर्जाचा. जाहिरातींचे डबे जमवणारे लोक, विशेषतः अमेरिकेतले, एक ते दहा असे गुण देतात. दहा म्हणजे कारखान्यातून आल्यासारखा, आणि तो जवळपास कधीच मिळत नाही. आठ म्हणजे दोष आहेत पण हातात घेऊन शोधावे लागतात. सात म्हणजे हातभर अंतरावरून दोष दिसतो, तरी आधी चित्रच दिसतं. सहाला आधी दोष दिसतो. पाचच्या खाली डबा जागा भरायला, दुसरा चांगला मिळेपर्यंत. याची कुठे कचेरी नाही, छापील नियम नाहीत. एकाचा आठ दुसऱ्याचा सात असतो. म्हणून आकड्याबरोबर कारण लिहिणारा विकणारा मला विश्वासाचा वाटतो, नुसतं ‘एक्सलंट’ लिहिणारा नाही.

सगळे दोष सारखे नसतात. सगळ्यात वाईट चित्रातला, त्यातही चेहऱ्यातला खड्ड्यांचा गंज, कारण तो परत येत नाही. पोचा त्यापेक्षा बरा, पण स्वतः ठोकून काढू नका. रंग तडकून पडतो आणि सातचा पाच होतो. उडालेला रंग फसवा असतो, कारण तो सगळीकडे सारखा उडाला तर कळतच नाही. लाल आणि गुलाबी आधी जातात, निळा-काळा राहतो. म्हणून पुढची बाजू पाहिली की लगेच पाठ पाहा, झाकण उघडून त्याच्या कडेखाली झाकलेली पट्टी पाहा. मावशीच्या डब्याची ती पट्टी अजून टोमॅटोसारखी लाल आहे आणि पुढची बाजू विटकरी. कपाटात ठेवायच्या आधी तो बरीच वर्षं उन्हाच्या खिडकीशी असणार.

तर हिशोब असा. झाकणाला मी आठ दिले: दोन केसासारखे ओरखडे, उठाव स्वच्छ. पुढच्या बाजूला साडेसहा, उडालेल्या लालामुळे. पाठ सात. तळाला पाच, कडेभर गंज आहे पण खड्डे नाहीत. आतलं मी गुणात धरत नाही, नुसतं लिहितो: करडं, कोरडं, एका कोपऱ्यात बटणांच्या धातूचा हिरवट डाग. सरासरी काढायची नसते. जी बाजू कपाटात पुढे राहणार तिचे गुण मुख्य, बाकीच्या बाजूंचे शेजारी. म्हणून माझ्या चिठ्ठीवर आलं: ‘इंग्लिश बिस्किट डबा, १९०१–१९३९, दर्जा साडेसहा, झाकण आठ, पुढचा लाल उडालेला, बिजागरी मूळची’.

ती चिठ्ठी आत टाकून डबा परत दिला तेव्हा मावशीने ती चष्मा लावून वाचली. “साडेसहा?” ती म्हणाली. “आमच्या वेळी एवढ्यात पास करायचे.” मग ताटातली बटणं तिने पुन्हा त्यातच ओतली.